दोन प्रकारचा काळा

परवा दुपारी बहिणीने तिच्या मुलीचा सायकल शिकतानाचा व्हिडिओ पाठवला. चित्रीकरण तिने मोबाइल उभा धरून केले होते. धाकट्या भावाने मग हौसेने तो संगणकावर घेतला, सुरुवातीला मुलीचे नाव घातले, खाली संगीत टाकले आणि तयार झालेली फाइल सगळ्यांना धाडली. मी ती मोबाइलवर उघडली, तर भाची पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटाएवढी दिसली आणि तिच्या चारही बाजूंना काळोख पसरलेला होता. मोठ्या पडद्यावर बरे दिसेल म्हणून मोबाइलचा पडदा तसाच्या तसा, उभाच, टीव्हीवर पाठवला. तिथे काळोखाची आणखी दोन दालने उघडली. मला अशा गोष्टी मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे मी फूटपट्टी घेऊन टीव्हीसमोर गेलो. चित्र साधारण साडेसात सेंटीमीटर रुंद आणि साडेतेरा सेंटीमीटर उंच भरले. हातातला मोबाइल शेजारी धरला, तर त्याचा पडदा चित्रापेक्षा थोडा मोठाच निघाला. म्हणजे ४३ इंची टीव्ही आम्ही घरातल्या मोबाइलहून लहान चित्र पाहण्यासाठी लावला होता.

हे घडले कसे, याचा हिशेब मला फार गंमतीचा वाटला. बहिणीचे चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० उंच होते. भावाच्या संगणकावरची चौकट नेमकी उलटी, म्हणजे १९२० रुंद आणि १०८० उंच होती. उभे चित्र त्या चौकटीत पूर्ण बसवायचे तर त्याची उंची १०८० करावी लागते, आणि मग रुंदी उरते ६०७.५. अर्धा पिक्सेल कोणी काढू शकत नाही म्हणून ६०८ धरू. डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी ६५६ पिक्सेलांची काळी पट्टी आली. एवढ्यावर थांबते तरी पडद्याचा जवळजवळ ६८ टक्के भाग काळा झालाच होता. पण भावाने त्या पट्ट्यांसकट फाइल तयार केली, आणि तिथे खरी गोची झाली. मोबाइलच्या लेखी आता तो उभा व्हिडिओ राहिलाच नाही. आडवा व्हिडिओ आला आहे असे समजून उभ्या मोबाइलने तो रुंदीला बसवला आणि वर-खाली आपल्या पट्ट्या जोडल्या. भाची पडद्याच्या ८ टक्क्यांत आली. टीव्हीने त्या उभ्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा आपल्या पट्ट्या लावल्या आणि शेवटी चित्राच्या वाट्याला टीव्हीचा २ टक्के भाग उरला. या प्रवासात प्रत्येकाने आपले काम चोख केले होते. चित्र कुणी कापले नाही, ताणले नाही, आडवे पाडले नाही. प्रत्येकाने ते फक्त अदबीने मध्यभागी ठेवले.

काळ्या पट्ट्यांशी माझी ओळख याच्या उलट बाजूने झाली होती. आमच्या लहानपणीचा टीव्ही जवळजवळ चौकोनी होता, म्हणजे चार भाग रुंद तर तीन भाग उंच. त्यावर एखादा रुंद पडद्याचा चित्रपट लागला की वर आणि खाली काळे पट्टे यायचे. आजी म्हणायची, ‘‘आज टीव्हीने डोळे अर्धे मिटलेत.’’ बाबांना मात्र तो यंत्राचा बिघाड वाटायचा. ते टीव्हीची पाठ भिंतीपासून सरकवायचे, मागच्या बारीक खुंटीला पेचकस लावायचे आणि मला समोर उभे करून विचारायचे, ‘‘आता? आता?’’ खुंटी फिरली की चित्र उंचीला ताणले जाई, पट्टे बोटभर आकसत आणि पडद्यावरची माणसे हडकुळी होऊन जात. मी ‘‘जरा बरं आहे’’ म्हणायचो, कारण त्याशिवाय पिक्चर पुढे बघायला मिळणार नव्हता. चित्रपट संपून बातम्या लागल्या की निवेदिकेचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांबलेला असे, आणि बाबा पुन्हा पेचकस शोधू लागत.

त्या पट्ट्यांत बिघाड काहीच नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. १९५३ साली सिनेमास्कोप आले आणि चित्रपटाचा पडदा एकदम रुंदावला. पुढे उंचीच्या साधारण २.३५ पट रुंदी रूढ झाली. तेवढे चित्र चौकोनी टीव्हीवर न कापता दाखवायचे तर पडद्याचा ४३ टक्के भाग मोकळा सोडावाच लागतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही कडा छाटणे. तोही सर्रास वापरला जाई, आणि मग दोन माणसांच्या संवादात एकाचे नाक तेवढे दिसे. वर-खालच्या पट्ट्यांना लेटरबॉक्सिंग म्हणतात आणि डाव्या-उजव्या पट्ट्यांना पिलरबॉक्सिंग. एकात चित्र टपालपेटीच्या फटीसारखे दिसते, दुसऱ्यात दोन खांबांमध्ये उभे राहिल्यासारखे. चारही बाजूंनी काळे असेल, तर चित्राभोवती खिडकीची चौकट असल्यासारखे वाटते. आमची भाची अशा एका खिडकीच्या आतल्या दुसऱ्या खिडकीत बसली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काळ्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात, आणि हा भेद माहीत नसल्यामुळे घरोघरी वाद होतात. एक पट्टी दाखवणारे यंत्र त्या क्षणापुरती आखते. चित्राबाहेरची जागा कशाने तरी भरायची म्हणून ती काळी ठेवलेली असते. फाइलमध्ये तिचा मागमूसही नसतो. दुसरी पट्टी फाइलमध्येच भाजलेली असते. तिथला प्रत्येक काळा पिक्सेल हा चित्राचाच पिक्सेल असतो, आणि कोणतेही यंत्र तो निमूटपणे दाखवत राहते. ओळखण्याची सोपी रीत अशी, की संगणकावर व्हिडिओची खिडकी लहान-मोठी, अरुंद-रुंद करून पाहावी. यंत्राच्या पट्ट्या त्याबरोबर घटतात, वाढतात, नाहीशा होतात. भाजलेल्या पट्ट्या चित्राला चिकटून राहतात.

दुसरी खूण मला त्या दुपारी अगदी जवळून दिसली. टीव्हीवर वर-खालचा काळा आणि भाचीच्या दोन बाजूंचा काळा एकसारखा नव्हता. बाजूचा किंचित राखाडी होता. खिडकीचे पडदे ओढल्यावर तर दोहोंमधली रेघ स्पष्ट उमटली. यामागचे कारण असे, की उजेडाची पातळी ० ते २५५ अशी मोजतात, पण व्हिडिओच्या रूढ पद्धतीत काळ्याची पातळी ० नसून १६ असते आणि पांढऱ्याची २५५ नसून २३५. दाखवताना १६ चा ० करून घ्यायचा असतो. वाटेतले एखादे यंत्र हे करायला विसरले, तर फाइलमधला काळा १६ वरच अडकतो, आणि यंत्राने स्वतः आखलेला काळा मात्र खराखुरा ० असतो. म्हणजे आमच्या व्हिडिओत वर-खालचा काळा मोबाइलचा होता आणि बाजूचा भावाचा. आरोपी असा रंगावरून सापडण्याचे सुख मला क्वचितच मिळाले आहे.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘अरे दादा, मग कडेला ते धूसर करून टाकतो ना, छान भरलेलं दिसतं.’’

या धूसर भरावाबद्दल मी फार हळवा आहे, म्हणजे मला तो अजिबात सहन होत नाही. त्याची कृती अशी असते, की तेच चित्र पडद्याची पूर्ण रुंदी भरेल इतके, म्हणजे तीनपटीहून थोडे अधिक मोठे करतात, त्याचा फक्त मधला तुकडा ठेवतात, तो पुसट करतात आणि त्यावर मूळ चित्र बसवतात. मध्ये एक मुलगी सायकल चालवत असते आणि दोन्ही बाजूंना तिच्याच प्रचंड, वितळलेल्या फ्रॉकचा लाल डाग हेलकावत असतो. डोळा कडेच्या हालचालीला आधी फसतो, त्यामुळे जिथे पाहण्यासारखे काही नाही तिथेच तो सारखा धावतो. काळी पट्टी निदान गप्प बसते. आडव्या पडद्याला चित्र पुरत नाही, एवढेच ती सांगते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. टीव्हीवरचे ‘झूम’चे बटण दाबून पट्ट्या घालवणारे लोकही मला माहीत आहेत. उभ्या चित्रावर ते पूर्ण दाबले, तर उंचीच्या तीन भागांतले दोन भाग पडद्याबाहेर जातात आणि सायकल शिकणाऱ्या मुलीचा फक्त पोटाचा भाग सायकल शिकताना दिसतो.

भाजलेल्या पट्ट्या कापता येतात, हे खरे आहे. संगणकावर ffmpeg नावाच्या, व्हिडिओवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमला आज्ञा देऊन मी त्या शोधून काढल्या आणि छाटल्या. पहिली आज्ञा पट्ट्या कुठे आहेत ते मोजते आणि दुसरी तेवढा मधला भाग ठेवते:

```
ffmpeg -i cycle.mp4 -vf cropdetect=24:2 -f null -
ffmpeg -i cycle.mp4 -vf crop=608:1080:656:0 ubha.mp4
```

चित्र पुन्हा उभे झाले, मोबाइलभर पसरले, पण मऊ पडले होते. साहजिकच आहे. बहिणीच्या मूळ चित्रात वीस लाखांहून अधिक पिक्सेल होते, भावाच्या चौकटीत शिरताना त्यांतले साडेसहा लाख उरले, आणि गेलेले पिक्सेल काही कापाकापीने परत येत नाहीत. तेव्हा मी सरळ बहिणीकडून मूळ फाइल मागवली. ‘‘मला तर तोच नीट दिसत होता,’’ असे म्हणून तिने ती पाठवली. नाव आणि संगीत यांवर पाणी सोडावे लागले, याचे भावाला वाईट वाटले असावे. उभी चौकट घेऊन तो पुन्हा करतो म्हणाला आहे.

संध्याकाळी मूळ फाइल थेट टीव्हीवर लावली. आता दोनच पट्ट्या होत्या, दोन्ही टीव्हीच्या स्वतःच्या, एकाच जातीच्या काळ्या. मध्ये भाची, डोक्यापासून चाकापर्यंत पूर्ण. बहीण मागून धरून पळते आहे, मग हात सोडते, मग मोबाइल थरथरतो आणि भाची डावीकडे वळून चित्राच्या कडेबाहेर निघून जाते. दोन-तीन सेकंद मध्ये नुसता रस्ता दिसतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आले, की मी रस्त्याकडे पाहतच नव्हतो. खोलीतले आम्ही सगळेच डावीकडच्या काळ्या पट्टीकडे पाहत होतो, आणि आई तर मान थोडी वाकडी करून.