बसूया एकदा

‘बसणे’ हे मराठीतलं किती निरुपद्रवी क्रियापद! पण क्लायंट फोनवर ‘शुक्रवारी बसूया’ म्हणाला की त्याचा खुर्चीशी संबंध नसतो. (आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो. ‘परमिट रूम’च्या पाट्या त्यातूनच आल्या.)

मी पॅकेजिंगचं डिझाइन करतो. अंधेरीचे एक क्लायंट वर्षातून दोनदा लोअर परळला पार्टी देतात. मी पीत नाही आणि रात्री अकरानंतर तारवटलेल्या गप्पांत हसत बसायचंही मला जमत नाही. पहिल्या वर्षी मी सोपी थाप मारली, ‘अँटिबायोटिक्स चालू आहेत.’ पुढच्या मीटिंगला साहेबांनी आपुलकीने तब्येत विचारली. सहा महिन्यांनी पुन्हा आमंत्रण आलं आणि मला नवा आजार शोधावा लागला! थापेचा घोळ हाच की ती एका शुक्रवारपुरती असते.

मग खरं सांगितलं, ‘साहेब, मी घेत नाही.’ ते म्हणाले, ‘अरे, मग ज्यूस घे, ये तर!’ म्हणजे तेही कारण चालेना. मला ग्लास टाळायचा नव्हता, ती बैठकच टाळायची होती.

यंदा ग्रुपवर आमंत्रण आलं तेव्हा तिथे काहीच लिहिलं नाही. तिथे नकार दिला की दहाजण आग्रहाला धावतात. तासाभरात साहेबांना वेगळा मेसेज केला: ‘साहेब, आठवणीने बोलावलंत, खूप बरं वाटलं. रात्रीच्या पार्ट्यांना मी जात नाही, कुणाच्याच नाही. पण तुमच्याशी निवांत बोलायचंय. बुधवारी सकाळी साडेआठला माटुंग्याला, कॅफे मद्रासमध्ये? बिल माझं.’ ‘कुणाच्याच नाही’ हे शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले. ते नसते तर नकार त्यांच्या एकट्याच्या अंगाला चिकटला असता. आणि ‘कधीतरी भेटू’ लिहिलं असतं तर मुंबईत ते कधीतरी उगवत नाही.

त्यांचा नुसता अंगठा आला. दिवसभर मी तो अंगठा उलटसुलट वाचला.

तोटा झाला नाही असं नाही. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचा विषय त्या शुक्रवारी दुसऱ्याच डिझायनरशी निघाला, हे मला नंतर कळलं. टेबलावर नसलेल्या माणसाचं नाव निघतंच असं नाही.

बुधवारी मात्र साहेब माझ्याआधी हजर होते. आम्ही फुटपाथवर उभे राहून नाव पुकारण्याची वाट पाहिली. आत रसम-इडली आली, फिल्टर कॉफी आली आणि त्यांनी खिशातून चुरगळलेलं बिस्किटाचं खोकं काढलं. ‘याचं झाकण दुसऱ्यांदा उघडलं की फाटतं. बघ जरा.’

मी खोकं उलगडून टेबलावर सपाट केलं. घडीच्या रेषेत कागद तडकला होता.

‘साहेब, कागदाचे तंतू आडवे गेलेत.’

‘सांग,’ म्हणत त्यांनी आणखी दोन कॉफी सांगितल्या.