जर्मन लिंगांची वही : सहावा आठवडा

मागच्या नोंदीत जेवणाच्या टेबलावरच अडकलो होतो. डेर लोफेल, डी गाबेल, डास मेसर. म्हणजे चमचा 'तो', पण काटा 'ती' आणि सुरी चक्क 'ते'! वस्तूकडे बघून लिंग ओळखायचा नाद मी इथेच सोडला.

मग ही तीन लिंगं आली कुठून? मूळ इंडो-युरोपीय वारसा. संस्कृतातून तो आपल्याकडेही आला, म्हणून आपल्याला निदान 'तीन कशाला?' हा प्रश्न पडत नाही. फरक एवढाच, की मराठीत शब्दाची शेपटी बरंच सांगून जाते : घोडा, घोडी, घोडं. जुन्या जर्मनमध्येही तसं होतं. नाव म्हणजे 'नामो', पुल्लिंगी. जीभ म्हणजे 'त्सुंगा', स्त्रीलिंगी. पुढे आघात नसलेले शेवटचे स्वर झिजले आणि दोन्ही 'ए'वर येऊन थांबले : डेर नामे, डी त्सुंगे. शेपटी गेली, लिंग राहिलं, आणि ते दाखवायचं काम नामाआधीच्या डेर, डी, डास या आर्टिकलवर पडलं.

जिथे शेपटी टिकली, तिथे मात्र फुकटचे गुण मिळतात. 'उंग', 'हाइट', 'काइट' हे प्रत्यय लागले की डी. लहानपण दाखवणारा 'शेन' लागला की डास, म्हणून मुलगी डास मेडशेन. आपलं 'ते कोकरू, ते पिल्लू' आठवा, नवल वाटणार नाही.

बाकीच्यांसाठी आधी रंगीत कार्डं केली : निळा डेर, लाल डी, हिरवा डास. कार्ड समोर असताना झकास, बोलताना रंग गायब. शिवाय वाचताना 'मिट डेर गाबेल' (काट्याने) दिसलं आणि मी गाबेल पुल्लिंगी म्हणून लिहून ठेवला. चतुर्थीत, म्हणजे डाटिफमध्ये, स्त्रीलिंगी 'डी'चंच 'डेर' होतं, हे विसरलो होतो.

'एक' या अर्थाचं 'आइन'ही फसवं. आइन लोफेल, आइन मेसर : प्रथमेत पुल्लिंग आणि नपुंसकलिंग सारखंच दिसतं. द्वितीयेत मात्र तिघं वेगळे होतात : आइनेन लोफेल, आइने गाबेल, आइन मेसर. म्हणून आता कार्डाच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला दोन ओळी. आधी 'डेर लोफेल', खाली 'इश ब्राउखे आइनेन लोफेल' (मला चमचा हवाय). दोन्ही मोठ्याने म्हणायच्या. 'आइनेन' तोंडात बसलं की डेर शोधावा लागत नाही. नुसतं 'लोफेल' आठवलं तर ते कार्ड चूक धरून परत गठ्ठ्यात.

रोज दहाच नवी कार्डं घेतो. आणि जोडशब्दांना वेगळं कार्ड नाही, कारण लिंग शेवटच्या शब्दाचं : डास हाउस, डी ट्यूर, म्हणून घराचं दार डी हाउसट्यूर.

काल चाळीस जुन्या शब्दांची उजळणी केली, सात चुकले. त्यातले पाच 'एर'ने संपणारे. करणाऱ्या माणसाचा 'एर' असेल तर डेर, उदाहरणार्थ डेर लेरर, शिक्षक. पण डास फेन्स्टर (खिडकी) आणि डी बुटर (लोणी) या नियमाला जुमानत नाहीत. पुढचा आठवडा त्यांचा.