छत्रीच्या दुकानाचं वर्षभराचं कॅलेंडर आणि अडलेला एक एसएमएस

डोंबिवली स्टेशनजवळ आमचं छत्री-रेनकोटचं दुकान आहे. सासरे, म्हणजे अप्पा, गल्ल्यावर होते तोवर जाहिरात म्हणजे मे महिन्यात दारावर लावलेला कापडी फलक, एवढंच असायचं. मी बघायला लागल्यापासून गुढीपाडव्याच्या आत वर्षाचं जाहिरातीचं कॅलेंडर भिंतीवर लागतं. त्यातलं बाकी सगळं मला जमलं. मात्र एका साध्या एसएमएसच्या मंजुरीनं असा जीव काढला की अजून त्याचा राग येतो. तोच अनुभव मुख्यतः सांगायचा आहे, पण आधी तो एसएमएस एवढा महत्त्वाचा का, ते सांगते.

पावसाळी मालाचं कॅलेंडर नुसत्या तारखांवर उभं राहत नाही. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून धरतात. पण 2023 मध्ये तो केरळात 8 जूनला आला आणि मुंबईत यायला त्याला 25 जून उजाडला. 2025 मध्ये केरळात 24 मे आणि मुंबईत 26 मे! म्हणजे एका वर्षी केरळची बातमी आल्यावर आम्ही सतरा दिवस वाट बघितली आणि दुसऱ्या वर्षी माल बाहेर काढायला जेमतेम दोनच दिवस मिळाले. "केरळात आला की जाहिरात सुरू करा" असं मला बाजारात पुष्कळांनी सांगितलं होतं. तो सल्ला मी मानत नाही, आणि वरच्या तारखा बघून तुम्हीही मानू नका.

म्हणून माझ्या कॅलेंडरला दोन रकाने आहेत. पहिल्यात ठरलेल्या तारखांची कामं असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा पाऊस असो वा नसो, आईवडील वह्या आणि गणवेशाबरोबर मुलांचा रेनकोट घेऊनच टाकतात. 2023 च्या कोरड्या जूनमध्येसुद्धा आमचे मुलांचे रेनकोट गेले, कारण ती खरेदी शाळेच्या यादीतली असते, आभाळाकडे बघून होत नाही. तो निरोप जूनच्या पहिल्या आठवड्यात जातो. त्यात मागे दप्तरासाठी जागा असलेला रेनकोट आहे, हे लिहायचंच, आया पहिलं तेच विचारतात.

दुसऱ्या रकान्यात तारीख लिहायचीच नाही. तिथे लिहायचं, काय घडलं की काय करायचं. पहिला वळीव संध्याकाळी स्टेशनवर लोकांना भिजवून गेला की घडीच्या छत्रीचा निरोप पाठवायचा. सलग दोन दिवस पाऊस लागला की दुचाकीवाल्यांसाठी पँट-शर्टच्या रेनकोटचा. हे दोन निरोप वेगळेच ठेवायचे. वळिवाला लोक छत्री घेतात, रेनकोट कुणी घेत नाही. दुचाकीवाला 'अजून खरा पाऊस कुठे लागलाय' म्हणत थांबतो आणि एकदा भिजून ऑफिसला पोहोचला की त्याच दिवशी दुकानात येतो. 2025 मध्ये हे दोन्ही जवळजवळ एकदमच करावे लागले.

आता अडलं कुठे ते सांगते. आमच्या बिलबुकात जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. त्यातल्या फार थोड्यांनी आमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये ठेवलेला आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 जण बसतात आणि निरोप मिळतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणजे बाकीच्यांसाठी एसएमएस हाच मार्ग. मला वाटलं होतं, पाऊस आला की संदेश लिहायचा, पैसे भरायचे आणि पाठवायचा. तसं होत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे व्यवसायासाठी एसएमएस पाठवणाऱ्याला टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आधी स्वतःची नोंदणी करावी लागते, मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव किंवा नंबर, घ्यावं लागतं आणि मग प्रत्येक संदेशाचा मजकूर, म्हणजे टेम्प्लेट, मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी संदेश वाटेतच अडवला जातो. पाऊस तर टेम्प्लेट मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

नोंदणीतच पहिला खोडा पडला. आमचं दुकान एकल मालकीचं आहे. अशा दुकानाला वेगळं पॅन नसतं, मालकाचं पॅन तेच दुकानाचं. पॅनवर अप्पांचं नाव, पाटीवर आणि लेटरहेडवर दुकानाचं नाव. अर्ज परत आला, शेरा एवढाच की नाव जुळत नाही. मी फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या पॅनची कॉपी अपलोड करा." मी म्हटलं, "दादा, ही कंपनी नाही, दुकान आहे, याला वेगळं पॅन निघतच नाही." त्यानं तक्रार क्रमांक दिला आणि तक्रार आपोआप बंद झाल्याचा संदेश आला. पुन्हा फोन केला तर नवा माणूस, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगायचं. मला खरा संताप याचा आला की देशातली बहुतेक छोटी दुकानं अशीच एकल मालकीची आहेत आणि तरीही अर्ज तपासणाऱ्याला त्याची कल्पना नसावी!

शेवटी वाट दाखवली आमच्या सीएंनी. जीएसटी नोंदणीच्या प्रमाणपत्रावर मालकाचं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं नाव एकाखाली एक छापलेलं असतं. त्यांच्या सांगण्यावरून मी संस्थेच्या नावाच्या रकान्यात पॅनवरचंच नाव घातलं, सोबत ते प्रमाणपत्र जोडलं आणि अधिकारपत्रावर 'अमुक, मालक, तमुक छत्री स्टोअर्स' अशी दोन्ही नावं एका ओळीत लिहून अप्पांची सही-शिक्का घेतला. यावर अर्ज मंजूर झाला. तुमचं दुकान एकल मालकीचं असेल तर पहिल्याच अर्जाला हे सगळं जोडा, फोन करण्यात वेळ घालवू नका.

हेडर पटकन मिळालं. जाहिरातीच्या संदेशांसाठी मला मिळालं ते सहा आकडी. म्हणजे गिऱ्हाइकाला वर दुकानाचं नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. म्हणून मजकुरातच दुकानाचं नाव हवं. मंजुरीसाठीही ते लागतं, माझं एक टेम्प्लेट त्यावरूनच परत आलं.

मग मजकूर. मराठी एसएमएस एका संदेशात सत्तर वर्णांचा बसतो, त्याच्या वर गेला की दोन संदेशांचे पैसे. आणि मोजणी आपल्या डोळ्यांसारखी होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, अनुस्वार, सगळं वेगळं मोजलं जातं. 'छत्री' आपल्याला दोन अक्षरांची दिसते, तिथे ती पाच भरते. 'विद्यार्थ्यांसाठी' एवढ्या एका शब्दाला सतरा जातात. म्हणून मी 'मुलांचा रेनकोट' लिहिते. हजार लोकांना पाठवताना हा फरक थेट दुप्पट खर्चाचा असतो.

बदलणाऱ्या भागासाठी मजकुरात मोकळी जागा ठेवता येते. मी सगळा मजकूर पक्का लिहिला आणि फक्त दुकान बंद होण्याची वेळ बदलती ठेवली. पावसाच्या दिवशी आम्ही उशिरापर्यंत उघडं ठेवतो, पण किती उशिरा ते त्या दिवशीच्या गाड्यांवर ठरतं. बदलत्या जागा जास्त ठेवल्या तर मजकूर परत येण्याची शक्यता वाढते, म्हणून पावसाचा दिवस बदलता ठेवण्याऐवजी 'आज' असंच लिहिलं. घडीची छत्री, दुचाकीचा रेनकोट, मुलांचा रेनकोट आणि शेवटी उरलेल्या मालाची सूट, अशी चार टेम्प्लेट्स. आता ती मार्चमध्येच मंजूर करून ठेवते. एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीला आपल्या नोंदणीशी पोर्टलवर जोडावं लागतं, तेही त्याच वेळी उरकायचं. मे महिन्यात स्वतःच्या नंबरवर एक संदेश पाठवून बघते. पोहोचला तरच साखळी नीट जोडली आहे.

जाहिरातीचे एसएमएस सकाळी दहा ते रात्री नऊ याच वेळेत जातात. डोंबिवलीचा नोकरदार दहाच्या आत लोकलमध्ये असतो, सकाळचा संदेश त्याच्या कामाचा नाही. मी तो संध्याकाळी पाचच्या सुमारास पाठवते. परतीच्या गाडीत तो वाचला जातो आणि माणूस स्टेशनवरून घरी जाताना दुकानापाशी थांबतो. ज्यांनी जाहिराती नकोत म्हणून डीएनडी लावलंय त्यांना हा संदेश जातच नाही, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप. म्हणून आता बिल करतानाच विचारते, "आमचा नंबर सेव्ह करून ठेवता का?" आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देते.

हवामान खात्याचा पुढच्या आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. मेपासून तो मी नेमानं बघते, पण जाहिरातीसाठी नाही, मालासाठी. त्यावरून मस्जिद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून दुसरी खेप कधी उचलायची ते ठरतं. पाऊस लागल्यावर तिथे हव्या त्या रंगाचा माल मिळत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो.

जुलैत मी जाहिरातीवर पैसे घालत नाही. त्या महिन्यात गिऱ्हाईक येतं ते छत्री गाडीत विसरलेलं किंवा काडी मोडलेलं. त्याला निरोपाची गरज नसते, त्याला दुकान उघडं हवं असतं. दारात दुरुस्तीची पाटी तेवढी मोठी लावते. दुरुस्तीला आलेल्यांतले बरेच जण नवीही घेऊन जातात. गणपतीच्या आठवडाभर आधी कोकणात जाणाऱ्यांसाठी लांब दांडीची मोठी छत्री दर्शनी भागात येते. इथे तारीख दरवर्षी कॅलेंडरवर नव्यानं लिहायची, कारण 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे.

विसर्जन झालं की उरलेल्या मालाच्या सवलतीचा निरोप जातो, तो मात्र लांबवायचा नाही. पीव्हीसीचे रेनकोट पुढच्या उन्हाळ्यात माळ्यावर एकमेकांना चिकटतात, वेगळे करताना पापुद्रा निघतो. ते सप्टेंबरमध्ये कमी नफ्यात गेलेले परवडतात. छत्र्या ठेवायच्या असतील तर पूर्ण वाळवून, काड्या पुसून ठेवायच्या, नाहीतर सांध्यांना गंज धरतो.

सोसायट्या आणि क्लासवाले नाव छापलेल्या छत्र्या मागतात, त्यांना जानेवारीतच फोन करायचे. छपाईवाला एप्रिलनंतर तारीख देत नाही. आणि उन्हाची, आतून चंदेरी लेप असलेली छत्री मार्चच्या मध्यापासून पुढे काढायची. तिचा निरोप वेगळा लागतो, म्हणजे पाचवं टेम्प्लेट. त्याचा अर्ज मी यंदा फेब्रुवारीतच टाकला आहे.