पाणी न विचारता, बाकीचे विचारून

आमची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा. पाहुणे आले की दोघेही आतल्या खोलीत पसार होत. "काकांना नमस्कार कर" असे सर्वांदेखत सांगणे मी आधी बंद केले, कारण चारचौघांत हुकूम सोडला की लाजरे मूल आणखीच आक्रसते. त्याऐवजी सुटीच्या दुपारी आम्ही पाहुणे-पाहुणे खेळू लागलो. मी बाहेरून बेल वाजवायची, मुलांनी कोण आहे ते मोठ्या माणसाला दाखवून मगच दार उघडायचे आणि हात जोडून "या, बसा, बाबांना बोलावतो" म्हणायचे. घरात आजीलाही 'तू' म्हणणाऱ्या मुलांना परक्यांशी अहो-जाहो करण्याची सवय या खेळातच लागली.

सर्वांत जास्त वेळ पाण्याने घेतला. फुलपात्र काठोकाठ भरले की मुलाची नजर पाण्यावर खिळे आणि तरीही ते सांडे, म्हणून पाऊण भरायचे ठरले. उचलताना बोटे काठाच्या आत जात, म्हणून खालच्या बाजूने धरायचे किंवा ट्रेमधून न्यायचे. पाहुणे चपला काढून बसले की लगेच पाणी द्यायचे, तेही माठातले, कारण फ्रिजचे पाणी अनेक वयस्कर माणसांना सोसत नाही. "पाणी हवे का?" असे मात्र विचारायचे नाही; आपल्याकडे भिडेपोटी त्याचे उत्तर हमखास "नको, असू दे" असेच येते आणि तहानलेला माणूस तसाच बसून राहतो.

हीच अडचण "आणखी काही हवे का?" या प्रश्नालाही आहे. माझ्या सासरचे एक काका-काकू एसटीचा लांबचा प्रवास करून आले, तेव्हा मुलीने शिकवल्याप्रमाणे अगदी अदबीने तसे विचारले आणि "काही नको गं बाळ" ऐकून ती समाधानाने परत आली. वास्तविक काकूंना हातपाय धुवायचे होते आणि गोळी घेण्यासाठी कोमट पाणी हवे होते, हे त्यांनी बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी येऊन सांगितले. त्यानंतर आम्ही प्रश्नच नेमके केले. "आजी, हातपाय धुता का? बाथरूम इकडे आहे", "चहा ठेवायला सांगू की सरबत?", "पंखा वाढवू का?" अशा प्रश्नांना माणसे सहसा खरे उत्तर देतात. मुलांनी एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि नकार आला तर पुन्हा आग्रह करू नये, एवढे पथ्य आम्ही ठेवले. आग्रह करणे मोठ्यांकडे राहू द्यावे.

मुलगी आता हे सहज करते. मुलगा पाणी नेऊन देतो, पण बोलत नाही, आणि सध्या तेवढ्यावर माझी तक्रार नाही.