आमची वाटचाल: झोपलेली गिऱ्हाइकं आणि चार पत्रं

नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून मी आणि माझी मावसबहीण कॉटनचे कुर्ते आणि हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २०२३ च्या दिवाळीबद्दल. त्या दिवाळीत आमचं दुकान बुडता बुडता राहिलं, आणि ज्याच्यामुळे ही वेळ आली तो आजही ईमेल मार्केटिंगचा तज्ज्ञ म्हणून मिरवतो.

तेव्हा आमच्या यादीत बारा हजारांच्या आसपास पत्ते होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी वर्ष-दोन वर्षांत काहीच घेतलेलं नव्हतं. आमचे जाहिरातीचे मेल सांभाळणाऱ्या एजन्सीच्या याच साहेबांनी ठरवलं की या सगळ्यांना उठवायचं. ‘तुमची आठवण येते, चाळीस टक्के सूट’ असा एकच मेल त्यांनी एका सकाळी अख्ख्या यादीला सोडला. आम्ही एरवी दिवसाला काहीशे मेल पाठवणारे. जीमेलने काय पाहिलं? रोजचा छोटा पाठवणारा अचानक बारा हजार मेल ओततोय, त्यातले कित्येक बंद पत्त्यांवरून परत येतायत (चेकआउटला घाईत टाइप केलेले `gmial.com` वालेही त्यातच), आणि आम्हाला पार विसरलेली माणसं ‘Report spam’ दाबतायत. जीमेल पाठवणाऱ्याची पत जिथे दाखवतं त्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आमच्या डोमेनपुढे `Bad` असं लाल अक्षरांत आलं.

इथवरही चाललं असतं. पण ऑर्डर पक्की झाल्याचे मेलही त्याच डोमेनवरून जात होते, तेही स्पॅममध्ये पडायला लागले. आमच्या बऱ्याच ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या. ऑर्डर बाईंनी केलेली, मेल न दिसल्यामुळे घरी सांगून ठेवलेलं नाही, पार्सल दारात येतं तेव्हा त्या ऑफिसात, घरात कुणाला पत्ता नाही, सासूबाई म्हणणार, “आम्ही काही मागवलं नाही.” पार्सल परत. आरटीओचं, म्हणजे न घेता परत आलेल्या पार्सलचं, जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलंच, आणि ऐन दिवाळीचा माल कुरिअरच्या गोदामांत फिरत राहिलेला. मावसबहिणीने त्या महिन्यात शिलाईवाल्यांचे पैसे स्वतःच्या एफडीतून दिले. तेवढ्यात एजन्सीचा अहवाल आला: ‘ओपन रेट उत्तम, मोहीम यशस्वी.’ ॲपलचं मेल ॲप २०२१ पासून मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, म्हणून माणसाने मेल उघडला नसला तरी तो उघडल्याची नोंद होते. हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा असावं. बिल मात्र वेळेवर आलं.

दुरुस्ती आम्ही दोघींनी केली. ऑर्डरचे मेल वेगळ्या सबडोमेनवर हलवले. जाहिरातीचे मेल पूर्ण थांबवले, मग ज्यांनी नुकतीच खरेदी केली होती अशांनाच रोज थोडे थोडे सुरू केले आणि संख्या हळूहळू वाढवली. गुढीपाडव्यापर्यंत गाडी रुळावर आली. मधल्या काळात, २०२४ च्या फेब्रुवारीपासून, गूगलने नियमच लावले: दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यापर्यंत जाता कामा नयेत. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलांमागे तीन माणसं चिडली की संपलं. आम्ही एरवी दिवसाला पाच हजार मेल पाठवत नाही, तरी तिन्ही नोंदी करून घेतल्या. तुम्हीही करा, डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये तासाभराचं काम आहे.

त्यानंतर झोपलेल्या गिऱ्हाइकांना परत हात लावला, आमच्या पद्धतीने. आधी झोपलेलं म्हणजे कोण, ते ठरवलं. नव्वद दिवसांचा नियम आमच्या धंद्यात निरुपयोगी आहे. आमच्या बायका पाडवा, गणपती, दिवाळी या हिशेबाने घेतात. लागोपाठ दोन मोठे सण जिने सोडले ती झोपली. तीन-चार वर्षांपूर्वी शेवटची दिसलेली नावं आम्ही घेतलीच नाहीत. असे पत्ते बंद पडलेले असतात, काही तर स्पॅम पकडण्यासाठी लावलेले सापळे झालेले असतात.

उरलेल्यांना मेलने एकामागून एक चार पत्रं पाठवायचं ठरवलं. पहिल्या पत्रात सूट नाही, बॅनर नाही. साधा मजकूर, खाली माझं नाव, आणि एकच प्रश्न: तुम्ही गेल्या वेळी अमुक कुर्ता घेतला होता, तो कसा निघाला? उत्तर थेट आमच्याकडे येतं. ‘नो-रिप्लाय’वरून असली पत्रं पाठवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कळव्याच्या एक शिक्षिका आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी, दर पाडव्याला दोन कुर्ते ठरलेले. त्यांनी लिहिलं, “तुमचा एल आता मला दंडात बसत नाही, म्हणून दुसरीकडून घेते.” टेप लावून बघितलं, तर उल्हासनगरच्या शिलाईवाल्याने आम्हाला न विचारता बाहीचा पॅटर्न अरुंद केला होता. चाळीस टक्के काय, फुकट दिला असता तरी तो कुर्ता त्यांना झाला नसता. तसंच लिहिणाऱ्या आणखी काही जणी निघाल्या.

दुसरं पत्र आठवड्याने, त्यांच्याच मापात शिल्लक असलेला नवा माल दाखवणारं. माप संपलेलं असेल तर ती वस्तू दाखवायची नाही, चिडचिड होते. सूट तिसऱ्या पत्रात, तीही मुदतीची. पहिल्याच पत्रात कूपन दिलं की गिऱ्हाईक शिकतं: गप्प बसलं की स्वस्त मिळतं. आणि ऑर्डर आली की त्या बाईचं नाव मालिकेतून त्याच क्षणी बाहेर पडलं पाहिजे. एजन्सीच्या काळात एकीने पूर्ण भावात साडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिलाच कूपन गेलं. तिने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तारखाही बघून घ्या. तिसरं पत्र पितृपक्षात पडलं तर वाया, नव्या कपड्याला कोण हात लावतंय.

हिशेबाचं सांगते, कारण इथेच सगळे फुशारक्या मारतात. पहिल्या खेपेला साधारण दोन हजार नावं होती. त्यातली दोनशे चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलून बाजूला ठेवली, त्यांना एकही पत्र नाही. उरलेल्या अठराशेंपैकी नव्वद जणींनी खरेदी केली, म्हणजे पाच टक्के. पण पत्र न गेलेल्या दोनशेंतल्याही सहा जणी आपणहून आल्या, तीन टक्के. म्हणजे नव्वदपैकी चोपन्न तशाही आल्या असत्या, पत्रांची कमाई छत्तीसच. दोनशेचा गट लहान आहे, सहाच्या जागी नऊ आल्या असत्या तर कमाई नऊवर आली असती. म्हणून दोन-तीन खेपा एकत्र धरूनच आम्ही बोलतो. आमच्याच रस्त्यावरचे एक कपडेवाले मात्र नव्वदच्या नव्वद स्वतःच्या खात्यात धरतात आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगतात.

चौथं पत्र दोन ओळींचं: ‘पत्रं हवीत’ आणि ‘नाव काढा’, अशी दोन बटणं. बटण दाबलं नाही, खरेदी नाही, उत्तर नाही, तर नाव पाठवण्याच्या यादीतून बाहेर. मेल उघडल्याची नोंद आम्ही धरत नाही, कारण वर सांगितलंच. ऑर्डरींच्या वहीत नाव राहतं, पुन्हा ऑर्डर आली की पत्रं पुन्हा सुरू. बारा हजारांची यादी साडेपाच हजारांवर आली तेव्हा त्याच बैठकीत मला विचारलं होतं, “काय ताई, दुकान आवरताय का?” त्यानंतरच्या दिवाळीत आमचे आरटीओ निम्म्याने कमी होते, आणि मावसबहिणीची एफडी मी व्याजासकट भरून दिली.