आकडा खाली आला आणि मी फसले

तपशील बदलून लिहितेय, पण घडलं ते असंच. माझ्याकडे थेरपीला आलेली चौतीस वर्षांची बाई, स्कूटरवर आईला मागे बसवून जात होती, टँकरने धडक दिली, आई जागीच गेली. दीड वर्ष झालं तरी हायवे सोडाच, डिझेलचा वास आला तरी हातपाय गार पडायचे. आमचं प्रोलाँग्ड एक्स्पोजर चालू होतं, ही एड्ना फोआ यांनी विकसित केलेली थेरपी, अशा धक्क्यानंतर टाळलेल्या आठवणीला आणि गोष्टींना पुन्हा पुन्हा सामोरं जायची, साधारण आठ ते पंधरा सेशन, आठवड्याला एक किंवा दोन, प्रत्येक दीड तासाचं. पहिल्या दोन सेशनमध्ये हे सगळं का करायचं ते समजावणं, श्वासाचा व्यायाम, आणि टाळलेल्या गोष्टींची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी (तिच्या यादीत सगळ्यात वर होता तोच चौक). तिसऱ्यापासून इमॅजिनल एक्स्पोजर सुरू होतं, म्हणजे डोळे मिटायचे आणि तो प्रसंग वर्तमानकाळात, 'मी' म्हणत, आत्ता घडतोय असा सांगायचा, तीस-चाळीस मिनिटं, संपला की परत पहिल्यापासून. दर पाच मिनिटांनी मी विचारते, त्रास किती, शून्य ते शंभरमध्ये. मग पंधरा-वीस मिनिटं त्यावर बोलायचं, आणि घरी रोज त्या सांगण्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं.

तर चौथं सेशन. गृहपाठ बघून झाला आणि ती सांगायला लागली, "मी गाडी चालवतेय, आई मागे बसलीये, तिचा हात माझ्या खांद्यावर आहे." त्रास साठ. मग ऐंशी, मग नव्वद. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. विसाव्या मिनिटाला विचारलं तर म्हणाली, "पंधरा."

आणि मी खूश झाले! खरं सांगते, मनात आलं की बघा, कमी व्हायला लागलं. अजून दोनेक मिनिटं तशीच जाऊ दिली.

मग कानावर आलं, "ती बाई रस्त्यावर पडलीये." ती बाई? इतका वेळ 'मी' चाललं होतं की. आवाज एकदम सपाट, बातम्या वाचल्यासारखा, आणि ओढणी तशीच अर्धी गुंडाळलेली, बोटं थांबलेली. नावाने हाक मारली तर उत्तर यायला बराच वेळ लागला, म्हणाली हात जाणवत नाहीयेत. ही शांत झालेली नव्हती, ही इथे नव्हतीच. भीती खरंच उतरते तेव्हा आकडा असा कड्यावरून पडत नाही, हळूहळू ओसरतो, आणि माणूस रडतं, हलतं, तपशील सांगत राहतं. नव्वदवरून थेट पंधरा, कोरडा चेहरा आणि 'मी'ची 'ती', एवढ्यावर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "डोळे उघडा, माझ्याकडे बघा. आपण कुठे आहोत? आज वार कोणता?" फ्रीजमधली पाण्याची बाटली हातात दिली, पाय जमिनीवर दाबायला लावले. "गार आहे," म्हणाली, आणि दोन मिनिटांनी, "मॅडम, मी कुठे गेले होते?"

आता प्रश्न असा की इथेच थांबायचं का. तिचा नवरा बाहेर बसलेला, मलाही धाकधूक होती. पण तिथेच सोडलं असतं तर ती हेच शिकून घरी गेली असती की ही आठवण खरंच झेपण्यासारखी नाही. म्हणून तिला विचारलं, अजून दहा मिनिटं वेगळ्या पद्धतीने करूया का? "करूया," म्हणाली. या वेळी डोळे उघडे, बाटली हातात, भूतकाळात, 'तेव्हा आई मागे बसली होती' असं. एरवी मी मध्ये जवळजवळ बोलत नाही, त्या दिवशी मात्र सतत बोलत होते: तेव्हा काय ऐकू आलं, आत्ता इथे कसला आवाज येतोय, पंख्याचा ना? एक पाय तिकडे, एक पाय इकडे. त्रास पंच्याऐंशीवर गेला आणि ती पहिल्यांदा रडली, 'मी' म्हणत रडली. थांबलो तेव्हा सत्तर होता. कागदावर हे आधीच्या पंधरापेक्षा वाईट दिसतं, पण मला हेच सत्तर हवे होते.

नंतर बोलताना म्हणाली, "रस्त्यावरची चप्पल मला दिसत होती, पण ती आईची आहे हे आत्ता कळलं." त्या आठवड्यात घरी ऐकायला फक्त दुसरं रेकॉर्डिंग दिलं, तेही दिवसा, डोळे उघडे ठेवून, नवरा घरात असताना. सहाव्या सेशनपर्यंत परत डोळे मिटून वर्तमानकाळात आलो, तेव्हा पूर्ण प्रसंग न घेता चपलेचाच तुकडा पुन्हा पुन्हा घेतला.

आता आकडा विचारला की मी आधी हातांकडे बघते. सातव्या सेशनला ती आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी फ्रीजकडे गेली आणि बाटली स्वतःच काढून घेतली.