धूमकेतूची शेपटी

सप्टेंबर 2021 मध्ये रशियात दूमाची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक झाली. तिची केंद्रनिहाय आकडेवारी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तक्ता व्यवस्थित दिसत होता, पण कॉपी करून पेस्ट केला की भलतंच काहीतरी उतरायचं. पानातले आकडे मुद्दाम विस्कटले होते आणि खास फॉन्टमुळे ते डोळ्यांना बरोबर दिसत होते. माणसाने खुशाल वाचावं, संगणकाला मात्र मोजता येऊ नये! तिथल्याच प्रोग्रामरांनी यावर लगेच तोड काढली, म्हणून माझं काम पुढे सरकलं.

मग आलेख काढला. आडव्या अक्षावर मतदानाची टक्केवारी, उभ्यावर सत्ताधारी 'संयुक्त रशिया'चा वाटा आणि प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. सेर्गेई श्पिल्किन या भौतिकशास्त्रज्ञाने ही पद्धत रशियात रुजवली. खाली ठिपक्यांचा दाट गोळा होता आणि त्यातून वर उजवीकडे लांब शेपटी निघाली होती.

ही शेपटी येते कुठून? समजा, एका केंद्रावर 1000 मतदार आहेत. 400 जण येतात, त्यातले 160 सत्ताधाऱ्यांना मत देतात, म्हणजे 40 टक्के. आता पेटीत 200 खोट्या मतपत्रिका टाका. मतदान 60 टक्के होतं आणि वाटाही 60 टक्के. दोन्ही आकडे हातात हात घालून वर चढतात. नुसती शेपटी दिसली म्हणून चोरी सिद्ध होत नाही, कारण गावाकडे मतदान आणि सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा दोन्ही खरोखरच जास्त असू शकतात. म्हणून एकाच शहरातली शेजारशेजारची केंद्रं ताडून पाहावी लागतात. 2016 मध्ये सारातोव्हमधल्या शंभराहून अधिक केंद्रांवर या पक्षाला अगदी 62.2 टक्केच मतं पडली होती. तिथे आलेखाचीही गरज नव्हती.

2021 चा अधिकृत निकाल होता जवळपास 50 टक्के मतं आणि 450 पैकी 324 जागा. श्पिल्किनच्या अंदाजाने पक्षाचा खरा वाटा तेहेतीस टक्क्यांच्या आत होता. म्हणजे पहिला नंबर तसाही त्यांचाच. मग एवढा खटाटोप कशाला? 300 जागा मिळाल्या की दूमात संविधान दुरुस्ती एकट्याच्या बळावर मंजूर करता येते, आणि आव्हान देऊ पाहणाऱ्यालाही कळतं की इथे डोकं आपटून उपयोग नाही.

"खरा निकाल काय म्हणून छापू?" संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, "'खरा' हा शब्द नको, सर." आलेखात फक्त मोजणीतली गडबड दिसते. विरोधी नेते नवाल्नी यांच्या संघटना जूनमध्येच 'अतिरेकी' ठरल्या होत्या आणि त्यांच्याशी संबंध असलेल्यांना उमेदवारी बंद झाली होती. जो मतपत्रिकेवरच नाही, त्याचा ठिपका कुठून येणार?

मॉस्कोचं तर आणखी वेगळं. तिथे जवळपास 20 लाख मतं ऑनलाइन पडली. कागदी मतांत काही मतदारसंघांत विरोधक पुढे होते. ऑनलाइन मतं उशिरा बेरजेत मिळवली गेली आणि ते मागे पडले. त्या मतांना ना मोहल्ल्यातलं केंद्र, ना शेजारचं केंद्र ताडून पाहायला. मॉस्कोच्या बातमीत मी फक्त हा क्रम दिला, आलेख दिला नाही.